व्हीगन साबण, क्रुएल्टी-फ्री पावडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबरनाथच्या एका साबण कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं काढली. आता मुलुंडला घरीच असते, पण सोसायटीत ती ओळख काही पुसली जात नाही. लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या मांडवात कुणी ना कुणी साबणाचं वेष्टन पुढे करून विचारतं, "ताई, हा खरंच व्हीगन आहे का हो?" तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

व्हीगन आणि क्रुएल्टी-फ्री म्हणजे एकच ना?

नाही. व्हीगन म्हणजे साबणात प्राण्यापासून आलेलं काही नाही: चरबी नाही, दूध नाही, मध नाही, मेण नाही. क्रुएल्टी-फ्री म्हणजे तो साबण किंवा त्यातले घटक प्राण्यांवर तपासलेले नाहीत. पहिला प्रश्न आत काय घातलंय याचा, दुसरा ते बाजारात आणण्याआधी काय केलं याचा. शेळीच्या दुधाचा साबण क्रुएल्टी-फ्री असू शकतो, पण व्हीगन नसतो. उलट, निव्वळ पेट्रोलियमपासून बनलेली धुण्याची पावडर घटकांनी व्हीगन असते, पण तिच्यातलं एखादं रसायन सशाच्या डोळ्यात घालून तपासलेलं असू शकतं. दुकानात उभं असताना या दोन प्रश्नांची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं.

पाकिटावर हिरवा ठिपका आहे. मग झालं ना काम?

अर्धंच झालं. २०१४ मध्ये पॅकबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि इतर प्रसाधनांवर हिरवा किंवा लाल-तपकिरी ठिपका छापण्याची तरतूद आली. तो ठिपका शाकाहारी-मांसाहारी एवढंच सांगतो. आपल्याकडे शाकाहारात दूध आणि मध बसतात, त्यामुळे मधाचा, सायीचा, पंचगव्याचा साबण हिरव्या ठिपक्यासह बिनदिक्कत विकला जातो. खाद्यपदार्थांच्या नियमांत तर दूध, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाख यांना मांसाहारातून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे.

म्हणून हिरव्या ठिपक्यावरून चरबी नसल्याचा अंदाज बांधता येतो, व्हीगन असल्याचा नाही. आणि चाचणीबद्दल तर तो अवाक्षरही काढत नाही.

आणखी एक. हिरव्या रंगातलं, वर पान असलेलं इंग्रजी व्ही अक्षर हे सरकारी व्हीगन चिन्ह आहे खरं, पण ते एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या व्हीगन अन्न नियमांखाली येतं. ते फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी आहे. अंगाच्या साबणावर तेच चिन्ह दिसलं, तर छापणाऱ्याने ते कुठून तरी उचललंय असं समजा.

भारतात प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे म्हणे. मग प्रत्येक साबण क्रुएल्टी-फ्रीच झाला की!

अंगाच्या साबणापुरतं हे बरंचसं खरं आहे. मे २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत सुधारणा होऊन देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून, बाहेर प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं आयात करायलाही बंदी झाली. अंगाला लावायचा साबण कायद्याच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधन आहे. त्यामुळे इथे बनलेल्या साध्या साबणावर कुणी मोठ्या अक्षरांत क्रुएल्टी-फ्री छापत असेल, तर तो कायदा पाळल्याचीच जाहिरात करतोय.

पण धुण्याची पावडर, भांड्यांचं लिक्विड, फरशी पुसायचं द्रव्य, फॅब्रिक कंडिशनर यांपैकी काहीही सौंदर्यप्रसाधन नाही. ही बंदी त्यांना लागूच होत नाही. म्हणजे तेच दोन शब्द न्हाणीघरातल्या साबणावर जवळजवळ निरर्थक आहेत, आणि त्याच न्हाणीघरात कोपऱ्यात ठेवलेल्या पावडरीच्या डब्यावर त्यांना मोठा अर्थ आहे. मला विचाराल तर तपासण्याची सगळी मेहनत या डब्यावर खर्च करा.

मध्ये एक अडचणीची जागा आहे. आयुर्वेदिक किंवा औषधी म्हणून विकले जाणारे काही साबण औषधाच्या परवान्यावर बनतात. ते सौंदर्यप्रसाधन नसल्यामुळे प्रसाधनांची बंदी तिथे गृहीत धरू नका. पाकिटावर आयुर्वेदिक औषध असं लिहिलंय का ते बघा.

आणि एक मर्यादा जगभर आहे. साबणातलं रसायन फक्त साबणात जात नाही, रंगात, शेतीत, कारखान्यातही जातं. रसायनांच्या सुरक्षेचे कायदे वेगळे असतात आणि ते चाचण्या मागू शकतात. युरोपात २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची विक्री पूर्ण बंद आहे. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने निकाल दिला की सनस्क्रीनमधल्या दोन घटकांच्या चाचण्या, कामगारांच्या सुरक्षेसाठी, रसायन कायद्याखाली मागता येतात. तेव्हा "आमच्या कुठल्याच घटकाची कधीच प्राण्यांवर चाचणी झालेली नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी सावध होते. साधं मीठसुद्धा कधीतरी उंदरांना खाऊ घालून तपासलेलं आहे.

अंगाच्या साबणात प्राण्यांचं नेमकं काय असतं, आणि ते ओळखायचं कसं?

मुख्य म्हणजे चरबी. तेल किंवा चरबी अधिक कॉस्टिक म्हणजे साबण. जुनं जागतिक सूत्र होतं ऐंशी भाग टॅलो, म्हणजे गुरांची किंवा मेंढ्यांची वितळवलेली चरबी, आणि वीस भाग खोबरेल. टॅलोने वडी कडक आणि टिकाऊ होते, खोबरेलाने फेस येतो. आज आपल्या देशातल्या मोठ्या कारखान्यांत टॅलोची जागा बहुतेक ठिकाणी पाम तेलाने घेतली आहे. त्याला इतिहास आहे. १९८३ मध्ये वनस्पती तुपात आयात केलेल्या चरबीची भेसळ होत असल्याचं उघड झालं, देशभर गदारोळ झाला आणि प्राण्यांच्या चरबीची आयात बंद झाली. मात्र देशातल्या कत्तलखान्यांतून निघणारी चरबी वितळवून विकली जातेच, आणि साबण हा तिचा एक जुना ग्राहक आहे.

आता वेष्टन उलटं करा. प्रसाधनांवर घटकांची यादी द्यावी लागते, आणि एक टक्क्याच्या वरचे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे साबणाचा मूळ पदार्थ यादीत पहिल्या एक-दोन शब्दांतच सापडतो. सोडियम पामेट म्हणजे पाम तेल, सोडियम पाम कर्नेलेट म्हणजे पामच्या बियांचं तेल, सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेल. सोडियम टॅलोएट म्हणजे चरबी आणि सोडियम लार्डेट म्हणजे डुकराची चरबी. एवढे पाच शब्द पाठ केलेत की निम्मं काम झालं.

गेल्या मे महिन्यात क्रॉफर्ड मार्केटच्या आयात मालाच्या गल्लीत माझ्या भाचीने एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या, एकाच वासाच्या दोन वड्या उचलल्या. वेष्टनात फरक एवढाच की एकीवर एका देशाचं नाव, दुसरीवर दुसऱ्याचं. मी चष्मा काढून, वडी डोळ्यांजवळ धरून मागची बारीक अक्षरं वाचली. एकीत पहिलाच शब्द सोडियम टॅलोएट, दुसरीत सोडियम पामेट. दुकानदार म्हणाला, "मावशी, माल सेमच आहे." माल सेम नव्हता. कंपनी ज्या देशात जे स्वस्त मिळतं ते वापरते, नाव आणि वास तेवढा सारखा ठेवते. म्हणून आयात साबण ब्रँडवरून ठरवू नका. दर वेळी, ज्या देशाची वडी हातात आहे तिचीच यादी वाचा. इंटरनेटवर सापडलेली यादी दुसऱ्याच देशाची असू शकते. आयातदाराने वर चिकटवलेल्या पांढऱ्या स्टिकरखाली मूळ यादी झाकली गेली असेल, तर ती वडी मी तरी सोडून देते.

चरबीनंतर यादीच्या शेपटीकडे बघा. सेरा अल्बा म्हणजे मधमाश्यांचं मेण, मेल म्हणजे मध, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीचं, केराटिन शिंग-खूर-पिसांतलं, सेरिसिन रेशमाचं. सीआय ७५४७० हा लाल-गुलाबी रंग किड्यांपासून काढतात. सीआय ७७८९१ बघून मात्र घाबरू नका, ते टायटॅनियम डायऑक्साइड आहे, खनिज.

ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिडचं काय? यादीत ते कशाचं ते लिहिलेलंच नसतं.

खरं आहे, आणि वाचून कळणारही नाही. हे दोन्ही चरबीतूनही निघतात, पाम तेलातूनही, आणि शेवटी रेणू एकच. माझा अंदाज बांधण्याचा मार्ग साधा आहे: यादीत पहिला शब्द पामेट असेल, तर ग्लिसरीन बहुधा त्याच कारखान्यात, त्याच तेलातून निघालेलं असतं. हा अंदाज आहे, खात्री नव्हे. खात्री कंपनीच्या लेखी उत्तरातूनच मिळते. ते उत्तर कसं मागायचं ते कंडिशनरच्या प्रश्नात लिहिलंय.

घरच्या घरी चरबी ओळखायची काही युक्ती?

नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे प्रयोग, म्हणजे वडी जाळून वास घेणं, फ्रिजमध्ये ठेवणं, लिंबू टाकणं, यातल्या कशानेही कळत नाही. साबण झाल्यावर चरबीही चरबी राहत नाही आणि तेलही तेल. प्रयोगशाळेत आम्ही साबण फोडून परत आम्लं वेगळी करायचो आणि गॅस क्रोमॅटोग्राफीवर त्यांचं प्रमाण बघायचो. टॅलोत स्टिअरिक ॲसिड पामपेक्षा कितीतरी जास्त असतं. शिवाय प्राण्यांच्या चरबीत कोलेस्टेरॉल असतं, वनस्पतीच्या तेलात त्याच्या जागी मुख्यतः वेगळे स्टेरॉल. पण थोडीशी चरबी भरपूर पाममध्ये मिसळली असेल, तर तिथेही आकड्यांवर वाद होतो. एका वडीसाठी हा खटाटोप कुणी करत नाही.

कपड्यांच्या पावडरीत चरबी असते का?

साध्या पावडरीत सहसा नाही. तिचा गाभा म्हणजे लिनियर अल्किल बेंझिन सल्फोनेट, आमच्या भाषेत ॲसिड स्लरीपासून बनलेला फेसाचा माल, आणि तो पेट्रोलियमचा. बाकी धुण्याचा सोडा, सोडियम सल्फेट, झिओलाइट, थोडा वास, थोडा निळेपणा. यात जनावराचं काही नाही. त्यामुळे दुप्पट किमतीच्या डब्यावर व्हीगन असं मिरवलेलं दिसलं, तर शेजारची साधी पावडरही घटकांनी बहुधा तशीच असते हे ध्यानात ठेवा. तुम्ही जास्तीचे पैसे देताय ते चाचणीच्या हमीसाठी. ती हमी खरी असेल तर जरूर द्या.

एन्झाइमबद्दल बरेच जण विचारतात. १९१३ मध्ये जर्मनीत ओटो रोम याने पहिल्यांदा एन्झाइमची पावडर आणली, तेव्हा ती एन्झाइमं खरोखरच जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेली होती. आज पावडरीतली प्रोटीएज, लायपेज वगैरे टाक्यांमध्ये जिवाणू आणि बुरशी वाढवून काढतात.

कपड्यांच्या वडीची गोष्ट निराळी. पिवळट, बिननावाची किंवा स्थानिक छापाची जी वडी किराण्यात सुटी मिळते, ती खरा साबण असते, डिटर्जंट नाही. आणि ती प्रसाधन नसल्याने तिच्यावर घटकांची यादी नसते. कुठल्या तेलाची हे विचारलंत तर दुकानदार "चांगल्या तेलाची" एवढंच सांगेल. व्हीगन राहायचं असेल तर ही वडी टाळलेली बरी.

आणि फॅब्रिक कंडिशनर?

इथे थांबून वाचा, कारण डिटर्जंटच्या फळीवर चरबी लपण्याची सगळ्यात मोठी जागा हीच आहे. कंडिशनर कपडे धूत नाही, धाग्यावर स्निग्धतेचा पातळ थर बसवतो. तो थर ज्या रेणूंचा असतो त्यांना क्वाट म्हणतात. डोकं धन विद्युतभाराचं, ते कापसाला चिकटतं, आणि मागे दोन लांब स्निग्ध शेपट्या. त्या शेपट्या टॅलोच्याही असतात, पामच्याही. आणि बाटलीवर पूर्ण यादी देण्याचं बंधन नाही. "कॅटायनिक सर्फॅक्टंट" एवढं लिहिलं की सुटले.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्याच घरातल्या बाटलीचा छडा लावायचं ठरवलं. कंपनीचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. बाटलीवरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लिहिलं: तुमचं उत्पादन व्हीगन आहे का? चार दिवसांत गोड उत्तर आलं. आमची उत्पादनं सुरक्षित आहेत, दर्जेदार आहेत आणि पर्यावरणाची आम्हाला काळजी आहे. व्हीगन हा शब्दही उत्तरात नव्हता.

चूक माझी होती. हो-नाही विचारलं की हो-नाहीसुद्धा मिळत नाही. दुसऱ्या पत्रात बाटलीचा बॅच क्रमांक घातला आणि तीनच गोष्टी विचारल्या:

"१. या बॅचमधल्या क्वाटचा स्निग्ध भाग टॅलोचा आहे, पामचा आहे की मिश्र?
२. तसं तुम्हाला कच्चा माल पुरवणाऱ्याने लेखी दिलंय का?
३. तयार उत्पादनाची, आणि तुमच्या सांगण्यावरून त्यातल्या घटकांची, तुम्ही, पुरवठादाराने किंवा इतर कुणी प्राण्यांवर चाचणी केली आहे का? केली असेल तर शेवटची कोणत्या वर्षी?"

अकरा दिवसांनी उत्तर आलं, आणि यावेळी ते कुणीतरी विचार करून लिहिलेलं होतं. सध्याचा माल पामचा आहे, पण उपलब्धतेनुसार पुरवठादार बदलतो, म्हणून व्हीगन असा दावा आम्ही करत नाही. चाचणीबद्दल: आम्ही तयार उत्पादनाची प्राण्यांवर चाचणी करत नाही.

हे उत्तर प्रामाणिक होतं, आणि त्यातच सगळं आलं. आजची बाटली पामची, दिवाळीनंतरची टॅलोची असू शकते. आणि "आम्ही", "तयार उत्पादनाची" हे दोन शब्द नीट ऐका. घटकांची चाचणी पुरवठादाराने केली का, यावर मौन. "कायद्याने आवश्यक असल्यास वगळता" हे शेपूट लागलेलं असेल, तर कुठेतरी, कधीतरी चाचणी होते असंच वाचायचं.

मी ती बाटली पुन्हा आणली नाही. खरं सांगायचं तर कंडिशनरची गरजच नव्हती. टॉवेल कडक व्हायचे ते पावडर जास्त पडल्यामुळे. आता पावडर निम्मी घालते, एक खळबळणी वाढवते. कधी शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाकते. फक्त ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. मुंबईतल्या बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

डब्यावर सशाचं चित्र आहे. तो खरा ससा कसा ओळखायचा?

ससा कुणीही काढू शकतो. नुसतं चित्र आणि खाली क्रुएल्टी-फ्री, एवढंच असेल तर तो कंपनीच्या चित्रकाराचा ससा. खऱ्या चिन्हामागे संस्था असते आणि संस्थेकडे यादी असते.

लीपिंग बनी या उडी मारणाऱ्या सशाच्या चिन्हाची अट सगळ्यात कडक. कंपनीने एक तारीख ठरवायची, तिच्यानंतर ना तयार मालाची, ना घटकांची प्राण्यांवर चाचणी. पुरवठादारांकडून तसं लेखी घ्यायचं आणि बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घ्यायची. घरगुती साफसफाईची उत्पादनंही त्यात येतात, म्हणून पावडरीच्या डब्यावर हा ससा मोलाचा. पण तो व्हीगन असल्याचं सांगत नाही. पेटा या प्राणिहक्क संस्थेची यादी कंपनीने भरलेल्या प्रश्नावलीवर आणि सही केलेल्या हमीवर चालते. तिच्यात दोन पायऱ्या आहेत: फक्त चाचणीमुक्त, आणि चाचणीमुक्त व व्हीगन. डब्यावर कोणती ते शब्द वाचून बघा. ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचं चिन्ह एकेका उत्पादनाला मिळतं, अख्ख्या कंपनीला नाही. त्यामुळे लव्हेंडरच्या बाटलीवर चिन्ह असेल म्हणून लिंबाच्या बाटलीलाही ते लागू होईल असं नाही.

पडताळणी दोन मिनिटांची. चिन्ह ज्या संस्थेचं, तिच्या संकेतस्थळावर जाऊन ब्रँडचं नाव शोधा. कंपनीने आपल्या पानावर लावलेलं प्रमाणपत्राचं चित्र धरू नका. आपल्याकडे पुण्याची ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून याच विषयावर काम करते. भारतीय घटकांबद्दल शंका असली तर त्यांचं साहित्य उपयोगी पडतं.

एक जाता जाता. प्राण्यांविना केल्या जाणाऱ्या डोळ्यांच्या चाचण्यांमध्ये एक मान्यताप्राप्त चाचणी कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर होते. जिवंत प्राण्यावर नाही, म्हणून ती पर्यायी पद्धत मानली जाते. व्हीगन माणसाला ती चालेल का, यावर आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा संपेपर्यंत वाद झालेला मला आठवतो.

प्रदर्शनात हाताने बनवलेले साबण मिळतात. ते तरी बिनधोक ना?

दादरच्या एका प्रदर्शनात मी "१०० टक्के व्हीगन, मध आणि शेळीच्या दुधासह" अशी पाटी वाचली आहे. विकणारी मुलगी गोड होती, तिला खरंच वाटत होतं की नैसर्गिक म्हणजे व्हीगन. असे बरेच साबण तयार बेस वितळवून, साच्यात ओतून बनतात. तेव्हा प्रश्न एकच विचारायचा: बेस कुठून आणता, आणि त्याच्या पिशवीवरची यादी दाखवाल का? जिने स्वतः तेल आणि कॉस्टिकपासून साबण केलाय ती तेलांची नावं आणि प्रमाण धडाधड सांगते. बाकीच्या "ऑरगॅनिक आहे ना" म्हणतात.

दुसरं, विकायचा साबण बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक वेष्टनावर असतो. तो नसेल तर यादीवर विश्वास ठेवायलाही आधार नाही.

आजीचा रिठा वापरला तर?

वापरा, पण कशासाठी ते कळून. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, ते फेस करतं आणि सौम्य मळ काढतं. भुलेश्वरला किंवा दादरला काष्ठौषधींच्या दुकानात सुका रिठा सहज मिळतो. पंधरा-वीस रिठे फोडून बी काढून टाका, साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं मंद उकळा, कुस्करून फडक्यातून गाळा. हे पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. बाहेर ठेवलंत तर मुंबईच्या पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो. डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं, लहान मुलांपासून जपा.

नाजूक सुती, रंग जाणारे कपडे, दागिने, यांना रिठा उत्तम. शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला किंवा लोकलच्या घामट बनियनला त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. त्याच्यात सोडा नाही, एन्झाइम नाही, शुभ्र करणारं काही नाही. भांड्यांच्या तेलकटपणावरही तो हरतो. तिथे राख किंवा बेसन बरं.

आणि हो, पैठणी रिठ्यात धुतली म्हणजे व्हीगन झाली नाही. माझ्या भाचीने मला ऐकवलेलं वाक्य आहे हे.

व्हीगन साबणाला फेसच येत नाही, वर बादलीला पांढरा राप बसतो.

दोष बहुधा पाण्याचा. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, त्यात कुठलाही साबण फेसतो. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून तो राप बनवतं. टॅलोचा साबणही हेच करेल. अशा पाण्यात कपड्यांना वडी नको, पावडर किंवा लिक्विड वापरा.

दावा खोटा निघाला तर तक्रार कुठे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. नैसर्गिक, ऑरगॅनिक अशा मोघम शब्दांच्या रांगेत त्यांनी क्रुएल्टी-फ्री हाही शब्द घातला आहे. पुरावा आणि स्पष्टीकरण दिल्याशिवाय तो वापरता येत नाही. म्हणून कंपनीला पत्र लिहिताना या तत्त्वांचा उल्लेख करा. माझ्या अनुभवात तेवढ्यानेही उत्तराचा सूर बदलतो. नाही बदलला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फक्त जाहिरातीबद्दल असेल तर ॲस्की, म्हणजे जाहिरात मानक परिषद, जी इथे मुंबईतच आहे. वेष्टनाचे चारही बाजूंनी फोटो, बिल आणि कंपनीचं लेखी उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेल्या "हो मॅडम, व्हीगनच आहे" ला काही किंमत नाही.

घरात आधीचे सहा साबण पडलेत. टाकून देऊ?

कशाला? वापरून संपवा, किंवा ज्यांना चालतात त्यांना द्या. टाकून दिल्याने ना चरबी परत जाते ना पैसे. फक्त वेष्टनं फेकू नका, मागची यादी कापून ठेवा. पुढच्या वेळी तोच साबण आणला की जुनी आणि नवी यादी शेजारी धरून बघा. माझ्याकडे शिवणाच्या डब्यात अशी तीसेक कात्रणं आहेत, आणि त्यातल्या दोन साबणांचा पहिला शब्द गेल्या पाच वर्षांत बदललेला आहे.